शाळेच्या दाखल्यावरचा हर्षल

“मॅडम, एवढं लिहून द्या. एप्रिलात ती परत येणार म्हणून. सही करून.”

राजशेखरनं माझ्याच लेटरहेडचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. घड्या घालून घालून तो मधोमध फाटायला आला होता. तीन आठवड्यांपूर्वी तो मीच लिहून दिला होता. त्याला नाही, त्याच्या बायकोला.

“यात सगळं लिहिलंय की,” मी म्हटलं.

“एप्रिलपर्यंत ताण राहील असं लिहिलंय. परत येईल असं कुठं हाय? आमच्या थोरल्या भावानं तेच काढलं. म्हणतो, मॅडमनी पळवाट ठेवली.”

त्याच्या भावाचं बरोबर होतं. पळवाट ठेवूनच लिहायचं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकायला मिळतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं ऑफिस आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर मी. एकोणीस वर्षं विमा कंपनीत नोकरी केली. तिथं असतानाच ज्योतिष शिकले आणि नोकरी सोडल्यावर तेच करायला लागले. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लग्न जमवायला येतात. गेल्या काही वर्षांत मात्र दुसरी माणसं वाढली आहेत. वीस-बावीस वर्षांचा संसार झालेली. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरचं काही नाही. तरी खुर्चीत बसतात आणि म्हणतात, “मॅडम, मला हे नको झालंय. का ते सांगता येत नाही.”

गिरिजा त्यातलीच. गडहिंग्लजची. नवऱ्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान, रिवाइंडिंग आणि विक्री. मुलगी पुण्यात शिकायला, मुलगा बारावी करून सांगलीला. सासू आहे, दीर-जावा शेजारी आहेत. जानेवारीत ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा पर्स मांडीवर उभी धरून बसली होती. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये रेक्टरची जागा होती. राहायला खोली. तिनं नवऱ्याला न विचारता अर्ज केला होता आणि जागा मिळालीही होती.

“त्रास काय न्हाय मॅडम,” ती म्हणाली होती. “पण सकाळी डोळा उघडला की वाटतं, मी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात झोपले हुते.”

मी तारीख विचारली. तिनं आधार कार्ड पुढं केलं. एक जून. वय चव्वेचाळीस. मी कुंडली मांडली आणि मला जे दिसेल असं वाटलं होतं तेच दिसलं. हर्षलचा प्रतियोग.

हे जरा समजावून सांगते. हर्षल म्हणजे युरेनस. आपल्या जुन्या ज्योतिषातल्या नऊ ग्रहांत तो नाही, कारण तो दुर्बीण आल्यावर सापडला. ज्यानं शोधला त्याच्या आडनावावरून मराठीत हर्षल झाला. सगळेच ज्योतिषी त्याला धरत नाहीत. मी धरते. अचानक तुटणं, बंधन नकोसं होणं, घडी विस्कटणं, हे सगळं त्याच्याकडे दिलेलं आहे.

त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत साधारण सात वर्षं. तुम्ही जन्मलात तेव्हा तो जिथं होता, त्याच्या बरोबर समोर, एकशे ऐंशी अंशांवर, तो तुमच्या अर्ध्या वयात येतो. यालाच प्रतियोग म्हणतात. चौऱ्याऐंशीचे निम्मे बेचाळीस, म्हणून पुस्तकांत बेचाळीसचा आकडा असतो. पण त्याची कक्षा अगदी गोल नाही. कधी तो जरा भरभर जातो, कधी सावकाश. त्यामुळं एखाद्या पिढीला हा योग चाळिशीच्या आतच येतो, तर आता जे त्यातून जातायत त्यांना चव्वेचाळिसाच्या आसपास.

आणि तो एकदाच होत नाही. पृथ्वीवरून बघताना हर्षल दरवर्षी काही महिने मागं जातोय असं दिसतं. त्याला वक्री होणं म्हणतात. म्हणून बहुतेकांना तो तोच अंश तीनदा ओलांडतो. पुढं जाताना, मागं येताना आणि परत पुढं जाताना. गिरिजाच्या कुंडलीत वृश्चिकेच्या चार अंशांवर हर्षल होता. आता समोर वृषभेत फिरणाऱ्या हर्षलनं तो बिंदू जूनमध्ये गाठला, डिसेंबरमध्ये वक्री होऊन परत गाठला आणि मार्चच्या शेवटी तो तिसऱ्यांदा येणार होता.

“जूनमध्ये काही झालं होतं?” मी विचारलं.

ती दचकली. “जूनमध्येच मुलाला सांगलीला सोडून आले. परतीच्या एसटीत पहिल्यांदा मनात आलं.”

“आणि डिसेंबरात?”

“डिसेंबरात अर्ज केला.”

खरं सांगते, अशा वेळी ज्योतिष्याला बरं वाटतं. मी तिला म्हटलं, हा तिसरा फेरा होऊ दे. एप्रिलच्या मध्यापर्यंत ताण राहील, मग उतरेल. तोवर कायमचा निर्णय घेऊ नका. वेगळं राहावंसं वाटलं तर थोडे दिवस राहा. तिनं हे लिहून मागितलं आणि मी लेटरहेडवर लिहून दिलं.

त्या कागदानं काय केलं हे मला राजशेखरकडून कळलं. तो घरात सगळ्यांसमोर वाचला गेला. भावकीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. सून डोकं फिरल्यागत वागते असं म्हणणारी सासू गप्प झाली, कारण दोष ग्रहाचा होता. ठरलं असं, की एक फेब्रुवारीला गिरिजा हॉस्टेलवर जाईल आणि एप्रिलात परत येईल. गावात सांगायचं, मुलींच्या हॉस्टेलची अडचण होती म्हणून दोन महिने गेलीय.

“मी तयार हाय की मॅडम,” राजशेखर म्हणाला. “ग्रहाफुडं आपलं काय चालतंय? पण मला तारीख पायजे. मी आईला काय सांगू? पोरांना काय सांगू?”

अंगानं जाडजूड माणूस. मोटारीची तार गुंडाळून बोटं काळी झालेली. ती बोटं टेबलाच्या काचेवर सारखी हलत होती. मला त्याची दया आली, आणि तिथंच मी एक चांगली गोष्ट केली. लगेच सही केली नाही.

“परत येण्याचं बघायचं तर सप्तम स्थान बघावं लागेल,” मी म्हटलं. सप्तम म्हणजे कुंडलीतलं जोडीदाराचं घर. “त्याला जन्मवेळ लागते. हर्षलला वेळ लागत नाही, तो दिवसाला जेमतेम हलतो. पण घरं दोन-दोन तासांनी बदलतात. गिरिजाताईंना वेळ माहीत नव्हती.”

“तिच्या आईला ठावं असंल. नंबर देतो.”

तो गेल्यावर मी फोन लावला. गिरिजाची आई सीमेजवळच्या एका खेड्यात मुलाकडे राहते. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी.

“अव्वा, गिरिजाच्या जन्माची वेळ हवी होती. एक जूनला किती वाजता झाली?”

“जून? कोन म्हनलं जून?” म्हातारी जोरात म्हणाली. “नवरात्र बसलं हुतं की! घट बसला आनि दुसऱ्या दिशी दिवे लागायच्या टायमाला झाली. पाऊस काय, चिखल काय.”

माझ्या हातातलं पेन थांबलं.

“मग शाळेच्या दाखल्यावर जून कसा? आधारवर तोच आलाय.”

“मास्तरनं घातला. थोरलीला शाळेत घातली, ही तिच्या मागं लागून जायची. मास्तर म्हनले, ऱ्हाऊ दे, पट भरत न्हाय. वय वाढवून लिवलं. सगळ्या पोरांचा एकच जून.”

हे मला माहीत असायला हवं होतं. आपल्याकडं एका पिढीत अर्ध्या खेड्यांचा वाढदिवस एक जून आहे. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून मास्तर तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. विमा कंपनीत असताना असे शेकडो फॉर्म माझ्या हाताखालून गेले होते. तरी मी आधार कार्ड बघितलं आणि कुंडली मांडली.

“साल कुठलं होतं, अव्वा?”

“साल कुठलं ठावं अक्का मला. थांबा. धाकट्या दिराच्या लग्नात मला पाचवा म्हैना. त्या लग्नात घागर आलती. तिच्यावर हाय बघा लिवलेलं.”

फोन तसाच चालू राहिला. भांड्यांचा आवाज आला. मग गिरिजाच्या भावानं फोन घेतला आणि तांब्याच्या घागरीवर कोरलेलं नाव आणि लग्नाची तारीख मला वाचून दाखवली. मे महिना. साल दाखल्यापेक्षा दोननं पुढचं.

फोन ठेवला आणि नवी कुंडली मांडली. खरा जन्म दाखल्यापेक्षा दोन वर्षं चार महिन्यांनी नंतरचा. गिरिजा चव्वेचाळीस नाही, बेचाळीस वर्षांची. हर्षल वर्षाला चारेक अंश सरकतो. दाखल्याच्या तारखेला तो वृश्चिकेच्या चार अंशांवर होता, नवरात्रातल्या त्या संध्याकाळी तेरा अंशांवर. नऊ अंशांचा फरक. आम्ही प्रतियोगाला तीन-चार अंश अलीकडं-पलीकडं धरतो. नऊ कुणी धरत नाही. तिचा प्रतियोग अजून सुरूच झाला नव्हता. पहिला फेरा पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात.

म्हणजे जूनमध्ये काही नव्हतं. डिसेंबरमध्ये काही नव्हतं. एप्रिलात उतरायलाही काही नव्हतं.

मी पाणी प्यायले. मग परत एकदा गणित केलं. आकडे तेच.

माझी घाबरगुंडी उडाली होती, आणि ती फक्त चूक झाली म्हणून नाही. गप्प राहिले तर हा माणूस एप्रिलची वाट बघत बसणार. खरं सांगितलं तर गिरिजाचं काय? ग्रह होता म्हणून घर गप्प बसलं होतं. ग्रह काढून घेतला तर उरतं काय? एक बाई, जिला काही त्रास नाही आणि तरी घर नको आहे. भावकी तिला एसटी स्टँडपर्यंतही जाऊ देणार नव्हती. एक फेब्रुवारीला चार दिवस राहिले होते.

मी ज्यांच्याकडे शिकले त्या सरांना फोन केला.

“कुणाला सांगितलंस का?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“नाही.”

“मग नको सांगू. दुसरं काहीतरी सापडेल. शनी बघ, दशा बघ. कारणाला तोटा नसतो.”

“सर, पण मी तारीख लिहून दिलीय.”

“तारीख लिहून कशाला दिलीस?” ते चिडले. “आणि आता हरिश्चंद्र होऊन काय करणार आहेस? उद्या तिच्या घरची माणसं फोडतील ना तुझं ऑफिस.”

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शोधलं तर दुसरं कारण मिळालंच असतं, ही गोष्ट मला जास्त टोचली. जूनमध्ये मुलगा सांगलीला गेला म्हणून तिला पोकळ वाटलं, हे मला तेव्हाही ऐकू आलं होतं. मी ते हर्षलच्या खात्यावर टाकलं, कारण तारीख जुळत होती. तारीख चुकीची निघाली, तरी तिचं म्हणणं तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाला बोलावून घेतलं. हॉस्टेलवर कपडे आणून ठेवायच्या निमित्तानं ती कोल्हापुरात आलीच होती. मी दोन्ही कुंडल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. जून, मास्तर, घागर, नऊ अंश. “चूक माझी आहे,” म्हटलं. “मी विचारायला हवं होतं.”

तिनं दोन्ही कागदांवरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

“म्हंजे आत्ता काय न्हाय?”

“हर्षलचं तरी काही नाही.”

“मग हे कुणाचं हाय?” तिनं छातीवर हात ठेवला. “मला वाटलं हुतं, येईल आणि जाईल. तापागत. एप्रिल झाला की मी परत पहिल्यागत. मी त्या दिवसाची वाट बघत हुते मॅडम.”

तिला परत जायचं नव्हतं असं मी धरून चालले होते. परत जावंसं वाटेल अशी आशा तिलाच सगळ्यांत जास्त होती.

“म्हंजे माझंच की हे,” ती शेवटी म्हणाली.

तिला रडू येईल असं वाटलं, पण ती रडली नाही. पर्स उघडली, मोबाइल काढला. “ह्यांना बोलावते. मीच सांगते. तुम्ही नुसतं बसा.”

“घरी सांगण्यापेक्षा इथं?”

“घरी मला बोलू देत न्हाईत.”

राजशेखर दुपारी पोचला. बसायच्या आधीच म्हणाला, “झालं का लिहून?”

मी चूक सांगितली. तो ऐकत होता तसा लाल होत गेला. मग टेबलावर हात आपटला, तसा पेनस्टँड खाली पडला.

“म्हंजे खेळ मांडलाय व्हय आमचा? त्या कागदावर आमच्या घरची बैठक झाली! आई गप्प बसली, भाऊ गप्प बसले. आता म्हणताय ग्रहच न्हाय? मग हिला झालंय काय?”

“ते मला विचारा की,” गिरिजा म्हणाली.

तो थांबला. तिच्याकडं वळला. मला वाटतं, त्याला हे खरंच सुचलं नव्हतं.

“काय केलं मी?” तो म्हणाला. “सांग मॅडमच्या समोर. हात उचलला? कुठं कमी पडू दिलं?”

“काय न्हाय केलं तुम्ही.” ती खाली बघत बोलत होती, पण थांबली नाही. “मागच्या पावसाळ्यात मला ताप आलता. डॉक्टरनं मला विचारलं, कुठं दुखतंय. तुम्ही सांगितलं. कधीपासून? तुम्ही सांगितलं. भूक लागती का? तुम्ही सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. एकदा जरी चुकला असता तर मला बोलता आलं असतं.”

“मग बरोबर सांगितलं ते वाईट झालं व्हय?”

“वाईट न्हाय. एकवीस वर्षं तेच चाललंय. मला कुठं दुखतंय ते मलाच कळंना झालंय.”

खालच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर वर गेलं. राजशेखरनं वाकून पेनं गोळा केली आणि एकेक करून स्टँडमध्ये ठेवली. त्याला हातांना काहीतरी काम हवं होतं.

“एप्रिलात येणार का न्हाय, एवढं सांग.”

“माहीत न्हाय.”

“कवा कळणार?”

“ते बी माहीत न्हाय. खोटं सांगू काय?”

तो माझ्याकडं वळला. “तुमचं काय म्हणणं?”

“माझ्याकडं म्हणायला काही नाही,” मी म्हटलं. “दादा, तुम्ही सत्तेचाळीसचे ना? खऱ्या तारखेनं?”

“दवाखान्यात झालोय. कागद हाय.”

“चारेक वर्षांपूर्वी तुमचाही प्रतियोग होऊन गेला असेल. तुमच्या वयाच्या सगळ्यांचा झाला. वर्गातल्या सगळ्या पोरांचा. त्यातली कितीजणं घर सोडून गेली?”

गिरिजाच बोलली. “बुलेट घेतलती तवा ह्यांनी. सहा महिन्यांत विकली.”

“गप की,” तो म्हणाला. पण ओठाचा कोपरा हलला. त्या दिवशी तेवढंच.

जाताना त्यानं जुना कागद मागितला नाही. नवा मागितला. “चूक झाली असं लिहून द्या. ग्रुपवर टाकतो. फुडनं कुणी म्हणायला नको, राजशेखरनं लपवलं.” मी लिहून दिलं. जन्मतारीख चुकीची धरली, त्यामुळं आधी दिलेलं सगळं रद्द, खाली सही. एकोणीस वर्षं विम्याच्या कागदांवर सह्या केल्या, अशी एकदाही करावी लागली नव्हती.

तो फोटो ग्रुपवर गेला, आणि पुढचे तीन दिवस माझा फोन सारखा वाजत राहिला. थोरल्या भावानं मला नाही नाही ते ऐकवलं. सासूनं सून घरातच राहील असं जाहीर केलं. एकतीस तारखेला रात्रीपर्यंत मला काहीच कळलं नाही. एक तारखेला सकाळी साडेदहाला गिरिजाचा मेसेज आला. “जॉइन झाले. ह्यांनी गाडीनं आणून सोडलं. घरात कुणाशी बोलले न्हाईत.”

आता आठ महिने झाले. ती हॉस्टेलवरच आहे. घटस्फोट नाही, परत जाणंही नाही. एप्रिल आला आणि गेला. राजशेखर रविवारी कधी कधी येतो, दोघं रंकाळ्यावर फिरतात. एका रविवारी दोघं माझ्या ऑफिसात डोकावली. तो दारातच उभा राहिला.

“आत या की दादा.”

“नगं. तुमच्या खुर्चीत बसलो की काहीतरी निघतंय.”

मी गिरिजाला सहज म्हटलं, “पुढच्या वर्षी खरा हर्षल येतोय तुमचा.”

ती हसली. “येऊ दे. मला वाटतं तवा हॉस्टेल नको व्हईल.”

राजशेखरनं पटकन विचारलं, “कितव्या महिन्यात म्हणालात?”

मी सांगितलं नाही. तारीख लिहून देणं मी बंद केलंय, तोंडीसुद्धा देत नाही. माझ्या फॉर्मवर जन्मतारखेच्या पुढं एक नवा रकाना आहे: ‘ही तारीख कुणी सांगितली?’ पन्नासातले वीसजण तरी तिथं ‘मास्तर’ लिहितात. आणि त्याच्या खाली अजून एक ओळ मी घातलीय, ती कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. ‘ग्रह बाजूला ठेवून, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ बहुतेकजण ती कोरी सोडतात.